तांब्याची सम

बडबडगीतांची समीक्षा आपण छापील पानावरून करतो. तिथे ती अर्थशून्य वाटली तर नवल नाही. त्यांची रचना कळते ती न्हाणीघरात. अंघोळ नाकारणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला पुष्कळदा पाण्यापेक्षा डोक्यावर अचानक उपडा होणाऱ्या तांब्याची धास्ती अधिक असते. 'पायावर पाणी, पोटावर पाणी, आता कुठे पाणी?' अशी ओळ रचली, की प्रश्नानंतरची यती मुलाच्या मालकीची होते. ते 'हात' म्हणाले, तर पाणी हातावरच पडले पाहिजे. डोक्याची पाळी शेवटी, आणि रोज त्याच शब्दावर. एकदा जरी तांब्या समेआधी रिकामा झाला, तरी गाणे फसवणूक ठरते. दुसऱ्या दिवशी सूर ऐकताच मूल पळते.

काऊ-चिऊच्या घासाचेही तसेच. घास कोणाच्या नावाचा, हे मुलाने ठरवले तर तो खेळ. परंतु मान फिरवलेल्या, ओठ मिटलेल्या मुलाला हसवून, तोंड उघडताच घास कोंबणे हा लयीचा गैरवापर होय. पोट भरल्याची खूणच त्यात बुडते. नकाराला जागा ठेवणारी यती, हाच या गीतांच्या मूल्यमापनाचा पहिला निकष मानावा, असे मला वाटते.