पोट वर सरकलंय, पित्ताला का बोल लावता?



छातीत जळजळलं की आपल्या घरात निदान तयारच असतं, "पित्त झालंय." मग सोडा, जिरं, थंड दूध. वर शेजारीण म्हणते, "तुम्ही तर चौविहार करता, कांदा-लसूण खात नाही, तुम्हाला कसलं पित्त?" हे बोलणं आता बंद करायला हवं.

माझ्या जाऊबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. दुर्बीण घालून तपासल्यावर हायटस हर्निया निघाला. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. अन्ननलिका त्याच्या भोकातून खाली येते. ते भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, तोंडाशी असलेली झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर येतं. हा जागेचा दोष आहे. चूर्णानं जठर खाली येत नाही. डॉक्टरांची गोळीसुद्धा आम्ल कमी करते, जठर खाली आणत नाही. म्हणून सवयी बदलाव्या लागतात.

जाऊबाईंचं रात्रीचं जेवण सूर्यास्तापूर्वीच होतं. झोपेपर्यंत पोट बरंच रिकामं होतं, हा आपल्या नियमाचा खरा फायदा. पण दुपारी? सगळ्यांना वाढून त्या अडीचला जेवणार, भरपूर जेवणार आणि लगेच आडव्या होणार. सव्वातीनला जळजळ. संध्याकाळी पुन्हा रात्रभराचं म्हणून पोटभर जेवण, त्यावर दोन तांबे पाणी, मग वाकून फरशी पुसणं. परकराची नाडी कचकचून बांधलेली. फुगलेल्या जठराला वर ढकलायला आणखी काय लागतं?

मी घरात स्पष्ट सांगितलं, बाईनं शेवटी जेवणं हा काही तप नाही. आता त्या साडेबाराला सगळ्यांबरोबर बसतात आणि तीन तास आडव्या होत नाहीत. खुर्चीत बसून डुलकी घेतात. चारला थोडं खातात, त्यामुळे संध्याकाळी एका भाकरीत भागतं. पाणी दिवसभर थोडं थोडं पितात. फरशी जेवणाआधी पुसली जाते. नाडीत दोन बोटं जातील एवढी ढील.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे घातले. उशांची चळत नको, तिनं कंबरेत वाकून पोटच दाबलं जातं. झोपायचं डाव्या कुशीवर. पाचेक आठवड्यांत रात्रीचं उठणं थांबलं. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होईल.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल तर थांबू नका, दाखवा. आणि छातीत दाटून घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ते पित्त समजून घरी बसू नका. आधी हृदय तपासून घ्या.