आजीचा बटवा वहीत उतरवताना : गुळवेलीचा काढा

घरातील वडीलधारी स्त्री औषध सांगते, तेव्हा तिचे बोलणे साधारण असे असते : “वीतभर गुळवेल आण, ठेच, चार फुलपात्री पाणी घालून एक फुलपात्र उरेपर्यंत उकळ. अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी. तीन दिवस दे.” ज्याने तिला हा काढा करताना पाहिले आहे, त्याला एवढे पुरेसे असते. परंतु वीस वर्षांनी दुसऱ्या गावातील नातवाने हेच वाक्य वाचून काढा करायचे ठरवले, तर वीत कोणाची, फुलपात्र केवढे, वेल कोवळी की जून, आणि मुळात ती वेल गुळवेलच कशावरून, हे प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतील. म्हणून या वेळी एकच औषध घेऊ आणि त्याची नोंद पूर्ण कशी करावी, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली गोष्ट वनस्पतीच्या ओळखीची. नाव आजींच्या तोंडी असेल तसेच लिहावे. कोणी गुळवेल म्हणते, कोणी गरुडवेल, कोणी अमृतवेल. नाव ऐकताना घाई करू नये. ‘अमृतवेल’ ऐकून ‘अमरवेल’ लिहिले गेले, तर कुंपणावर पसरणारी, पाने नसलेली, पिवळ्या दोऱ्यांसारखी एक निराळीच बांडगुळी वेल वहीत शिरते. यासाठी बोलीतील नावाशेजारी शास्त्रीय नाव हवे. गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असे आहे.

नाव लिहून झाले तरी ओळख पुरी होत नाही, कारण गुळवेलीच्या जवळच्या नात्यातील टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल तिच्यासारखीच दिसते. दोहोंची पाने हृदयाकार असतात आणि दोन्ही कडू लागतात. फरक खोडावर पाहावा. गुळवेलीच्या खोडावरची पातळ, कागदासारखी साल नखाने खरवडली की आत हिरवा रंग दिसतो. क्रिस्पाचे खोड करडे असून त्यावर दाट गाठी, चामखिळींसारख्या, उठलेल्या असतात आणि ते कापल्यावर दुधासारखा चीक येतो. गुळवेलीला असा पांढरा चीक येत नाही. फळे असतील तर काम अधिक सोपे होते : गुळवेलीची फळे वाटाण्यासारखी गोल व पिकल्यावर लाल, तर क्रिस्पाची लांबट व नारिंगी असतात. मात्र गुळवेलीच्या जून खोडावरही बारीक उंचवटे असतात. तेवढ्या एका खुणेवर निर्णय करू नये. टिनोस्पोराचीच आणखी एक जात आढळते, तिच्या पानांची खालची बाजू लवदार असते. गुळवेलीचे पान गुळगुळीत असते.

या खुणा वहीत शब्दांनी लिहाव्यात आणि सोबत चार छायाचित्रे ठेवावीत : आधाराच्या झाडासह संपूर्ण वेल, पानाच्या दोन्ही बाजू, कापलेले खोड, आणि हंगामात फुले किंवा फळे. पानांसह एक डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी. हा नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना किंवा आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागात दाखवता येतो. ओळख कोणी व कोणत्या तारखेस पटवली, हेही लिहावे. वेल कोणत्या झाडावर चढली आहे आणि आसपास कीटकनाशक फवारले जाते का, ही माहिती त्याच पानावर असावी.

दुसरी गोष्ट वापरायच्या भागाची. आजी “गुळवेल” एवढेच म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात खोड असते. पाने नव्हेत. काही घरांत पानांची भाजी करतात. तिची नोंद वेगळ्या पानावर घ्यावी. खोड बोटाएवढे जाड की अंगठ्याएवढे, ताजे की वाळलेले, वरची साल काढलेली की ठेवलेली, हे विचारून लिहावे. ताज्या खोडाच्या वजनातील मोठा भाग पाण्याचा असतो. म्हणून ताज्या खोडाच्या जागी तेवढ्याच वजनाचे वाळलेले खोड घातले, तर काढा पुष्कळ तीव्र होतो.

तिसरी गोष्ट कृतीची व मापांची. येथे विचारण्यापेक्षा पाहणे बरे. आजींना एकदा काढा करून दाखवायला सांगावे आणि प्रत्येक वस्तू भांड्यात पडण्याआधी आपण ती मोजावी. स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा आणि मिलिलिटरच्या खुणा असलेले मापपात्र, एवढी साधने पुरतात. समजा, आजींची वीत २० सेंटिमीटर भरली, खोडाची जाडी १.२ सेंटिमीटर होती आणि तुकड्याचे वजन २४ ग्रॅम आले. त्यांच्या फुलपात्रात १८० मिलिलिटर पाणी मावले. म्हणजे ७२० मिलिलिटर पाणी आटवून १८० उरवायचे आणि त्यातील ९० मिलिलिटर एका वेळी द्यायचे. एका माणसाला दिवसभरात मिळून २४ ग्रॅम ताज्या खोडाचा काढा जातो.

आता नातवाची वीत २४ सेंटिमीटर असेल आणि त्याला मिळालेली वेल अंगठ्याएवढी, १.८ सेंटिमीटर जाड असेल, तर काय होते पाहा. त्याचा तुकडा सुमारे ६५ ग्रॅम भरतो, म्हणजे आजींच्या जवळजवळ पावणेतीन पट. शब्द तोच, ‘वीतभर’. माणसाच्या पोटात मात्र वेगळेच प्रमाण गेले. म्हणून आजींचे माप पुसू नये, पण त्याच्याशेजारी वजन अवश्य लिहावे. भांडे कोणते, आच मंद की मोठी, उकळायला किती वेळ लागला, हेही टिपावे. काढा त्या त्या दिवशी ताजा करायचा की शिळा चालतो, हे विचारावे. “उरलेला टाकून दे” असे उत्तर आले, तर तेही मात्रेचाच भाग आहे.

चौथी गोष्ट मात्रेची, आणि तिच्याआधी ‘कशासाठी’ या प्रश्नाची. आजी म्हणतील, “अंगात कसर असली की देते.” वहीत ‘कसर’ हाच शब्द लिहावा आणि त्यांना त्याचा खुलासा विचारावा : कणकण, तोंड कडू होणे, संध्याकाळी अंग किंचित तापणे. त्याजागी आपण ‘ताप’ किंवा ‘डेंग्यू’ लिहिले, तर आजींनी कधीही न केलेला दावा त्यांच्या नावावर जमा होतो. त्यांनी हा काढा कोणत्या वयाच्या माणसांना दिला, लहान मुलांना दिला का, उपाशीपोटी की जेवणानंतर, हे एकेक विचारावे.

त्यांच्या वाक्यातील सर्वांत मोलाचे, आणि सर्वांत आधी गळून पडणारे शब्द आहेत ‘तीन दिवस’. करोनाच्या काळात कित्येक घरांत गुळवेल रोज, महिनोन्‌महिने घेतली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने क्रिस्पाशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली आणि पुढे दोन्ही वेलींतील फरकाच्या खुणा प्रसिद्ध केल्या. त्यानंतर देशातील अनेक रुग्णालयांतील रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली; तिच्या लेखकांच्या मते इजेचा संबंध खऱ्या गुळवेलीशीही होता. या वादातून वहीपुरता बोध स्पष्ट आहे : ओळख बिनचूक हवी, आणि ओळख बिनचूक असली तरी किती दिवस व कोणाला, हे लिहिलेले हवे.

पाचवी गोष्ट सावधगिरीची. हे पान दोन शाईंत लिहावे. निळ्या शाईत आजींचे म्हणणे : “गरोदर बाईला देत नाही”, “फार अशक्त माणसाला देत नाही”, असे जे काही असेल ते. त्यासाठी “आजी, तू हे कोणाला देत नव्हतीस?” असा थेट प्रश्न विचारावा, न विचारता ही माहिती सहसा बाहेर येत नाही. लाल शाईत आपण जोडलेली माहिती. गुळवेलीने रक्तातील साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी ती टाळावी. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे विकार, उदाहरणार्थ आमवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार, ल्युपस किंवा थायरॉइडचा तसा विकार, त्यांनी आणि अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनीही ती टाळावी. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांना वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये.

लाल शाईत थांबण्याच्या खुणाही हव्यात. भूक एकदम मंदावणे, मळमळ, अंगाला खाज, गडद रंगाची लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे आणि वहीतील हे पान सोबत न्यावे. वृद्ध माणसाला ताप असताना धाप लागली, बोलण्यात असंबद्धपणा आला, लघवी कमी झाली किंवा अंगावर रक्ताळ ठिपके दिसले, तर तीन दिवसांची वाट पाहू नये. काढ्याने तापाचे कारण कळत नाही.

इतके झाल्यावर वहीतील नोंद अशी दिसेल :

नाव : गुळवेल, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. ओळख कोणी पटवली, तारीख.
भाग : ताजे खोड, बोटाएवढे जाड, वरची पातळ साल काढून.
कृती : २४ ग्रॅम (आजींची एक वीत) ठेचून, ७२० मिलिलिटर पाण्यात, १८० उरेपर्यंत मंद आचेवर. रोज ताजा.
कशासाठी : ‘कसर’, आजींच्या खुलाशासह.
मात्रा : प्रौढांस ९० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, फक्त तीन दिवस.
सावधगिरी : निळ्या व लाल शाईतील मजकूर.

यातील आकडे उदाहरणादाखल आहेत. ते आपल्या वहीत उतरवून घेऊ नयेत, आपल्या घरच्या विती-फुलपात्राने आलेले लिहावेत. आणि ही नोंद म्हणजे औषध घेण्याची शिफारस नव्हे, तर घरात काय केले जाई याची ती खरी हकीकत आहे. लिहून झाल्यावर नोंद आजींना मोठ्याने वाचून दाखवावी. “नाही रे, जून वेल नको, कोवळीही नको”, अशी दुरुस्ती बहुधा याच वेळी मिळते. नंतर पानाची एक प्रत घरातील ज्येष्ठांच्या नेहमीच्या गोळ्यांच्या यादीसोबत ठेवावी. दवाखान्यात “आणखी काही घेता का?” असे विचारले जाते, तेव्हा घरचा काढा सांगायचा राहून जातो, ते पान पुढे केले की डॉक्टरांना वनस्पती, प्रमाण आणि दिवस एकाच नजरेत कळतात.