वक्राच्या कुठल्या टोकाला उभे आहोत?

आपल्यापैकी बहुतेकांनी प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करताना एन्झाइम कायनेटिक्सचे एक पानी टिपण पाठ केलेले असते. त्यात एक वक्र असतो, सुरुवातीला उभा चढणारा आणि पुढे आडवा होत जाणारा. मध्ये ‘केएम’ असे लिहिलेली तुटक रेषा असते आणि खाली सूत्र:

v = Vmax × [S] / (Km + [S])

परीक्षा संपली की हे पान फाइलमध्ये जाते. पण सेमी-ऑटो अॅनालायझरवर एसजीपीटी किंवा युरिया लावणारा प्रत्येक जण रोज याच वक्रावर काम करत असतो. चुकीचा रिपोर्ट कुठून येऊ शकतो, हेही त्यातून कळते. म्हणून या अंकात ते पान पुन्हा उघडत आहोत.

आधी एक नेहमीचा गैरसमज दूर करू. या वक्राच्या आडव्या अक्षावर वेळ नसते, सब्स्ट्रेटची तीव्रता असते. मशीनच्या पडद्यावर दिसणारी रेषा शोषणांक आणि वेळ यांची असते. टिपणातील वक्रावरचा प्रत्येक बिंदू मात्र वेगळ्या क्युव्हेटचा आहे. एन्झाइम तेवढेच ठेवून प्रत्येक क्युव्हेटमध्ये सब्स्ट्रेट वेगवेगळे घ्यायचे, अभिक्रियेचा सुरुवातीचा वेग मोजायचा आणि ते वेग एका आलेखावर मांडायचे. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी बर्लिनमध्ये 1913 साली साखर तोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर केलेल्या कामात याच सुरुवातीच्या वेगावर भर दिला होता. अभिक्रिया पुढे सरकली की सब्स्ट्रेट कमी होते, उत्पादित साचते आणि मोजलेला वेग कशाचा, हे सांगता येत नाही.

वक्र आडवा का होतो? एन्झाइमच्या प्रत्येक रेणूवर सब्स्ट्रेट बसण्याची जागा ठरलेली असते. सब्स्ट्रेट थोडे असेल तर बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी सब्स्ट्रेट दुप्पट केले की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. सब्स्ट्रेट भरपूर झाले की जवळपास सगळ्या जागा सतत भरलेल्या राहतात आणि आणखी ओतून वेग वाढत नाही. ही कमाल मर्यादा म्हणजे व्हीमॅक्स, आणि जिथे वेग तिच्या निम्मा होतो ती सब्स्ट्रेटची तीव्रता म्हणजे केएम. सूत्रात [S] च्या जागी केएम घातला की उत्तर बरोबर अर्धे येते. ‘निम्मे सब्स्ट्रेट संपले’ असा त्याचा अर्थ नाही. क्युव्हेटमधले एन्झाइम दुप्पट केले तर व्हीमॅक्स दुप्पट होतो, केएम तिथेच राहतो. म्हणून ठरलेल्या तापमानाला आणि पीएचला केएम ही त्या एन्झाइम-सब्स्ट्रेट जोडीची ओळख मानता येते.

आता आपल्या टेबलावरचे काम पाहू. सीरममधील एन्झाइम मोजायचे असेल तर आडव्या टोकाला उभे राहावे लागते. तिथे वेग फक्त एन्झाइमच्या प्रमाणावर ठरतो, सब्स्ट्रेटमधल्या बारीकसारीक फरकावर नाही. सब्स्ट्रेट केएमच्या दहापट ठेवले की कमाल वेगाच्या सुमारे 91 टक्के मिळतात. एसजीपीटीच्या प्रमाणित पद्धतीत अॅलानिन 500 मिलिमोलर असते ते याचसाठी. दुसरे सब्स्ट्रेट, ऑक्सोग्लुटारेट, मात्र 15 मिलिमोलरच असते. त्याचा केएम खूप लहान आहे, आणि ते फार वाढवले तर एन्झाइमच मंदावते.

याच टेस्टमध्ये तिसरा एक पदार्थ असतो, एनएडीएच, आणि तो जेमतेम 0.18 मिलिमोलर असतो. जास्त घातला तर 340 नॅनोमीटरवरचा शोषणांक मशीनच्या मोजमापाच्या मर्यादेबाहेर जाईल. गडबड होते ती इथेच. समजा तीव्र हिपॅटायटिसच्या रुग्णाचे सीरम आहे आणि खरे एसजीपीटी 3000 युनिट प्रति लिटर आहे. 1000 मायक्रोलिटर रिएजंटमध्ये 100 मायक्रोलिटर सीरम घातले, तर फॅक्टर 1768 येतो. म्हणजे शोषणांक मिनिटाला सुमारे 1.7 ने घसरायला हवा. पण मिसळल्यानंतर एनएडीएचचा एकूण शोषणांकच सुमारे 1.0 असतो. तो 36 सेकंदांत संपतो. मशीन मात्र पहिले मिनिट थांबून मगच मोजायला लागते. तोपर्यंत रेषा सपाट झालेली असते. मिनिटाला 0.01 चा फरक दिसतो, त्याला 1768 ने गुणले जाते आणि रिपोर्ट छापला जातो: 18. यकृत सुजलेल्या रुग्णाच्या हातात नॉर्मल रिपोर्ट पडतो.

हे ओळखता येते. मोजणी सुरू होतानाचा शोषणांक पाहा. नेहमी तो 1.0 च्या आसपास असेल आणि या सॅम्पलला 0.2 किंवा 0.3 दिसत असेल, तर एनएडीएच आधीच खलास झालेला आहे. अशा वेळी सीरम सलाईनने दहापट डायल्यूट करून पुन्हा लावावे. आता घसरण मिनिटाला 0.17 होईल, तीन मिनिटांत जेमतेम अर्धा एनएडीएच खर्च होईल, आणि आलेल्या 300 ला दहाने गुणले की 3000 मिळतील.

युरियाचे गणित याच्या उलट आहे. इथे एन्झाइम, म्हणजे युरिएज, रिएजंटमध्ये असते आणि सब्स्ट्रेट मोजायचे असते. म्हणून वक्राच्या चढत्या टोकाला राहावे लागते, कारण वेग सब्स्ट्रेटच्या प्रमाणात बदलतो तो तिथेच. 10 मायक्रोलिटर सीरम 1000 मायक्रोलिटर रिएजंटमध्ये घातले की 40 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर युरिया क्युव्हेटमध्ये सुमारे 0.066 मिलिमोलर होतो. जॅक बीनच्या युरिएजचा केएम सुमारे 3 मिलिमोलर आहे, म्हणजे आपण त्याच्या पंचेचाळिसाव्या भागावर आहोत. तिथे वक्र जवळजवळ सरळ रेषाच असतो.

पण डायलिसिसच्या रुग्णाचा युरिया 300 असेल तर क्युव्हेटमधली तीव्रता 0.5 मिलिमोलरला पोचते आणि वक्र वाकू लागतो. 40 च्या स्टँडर्डशी तुलना करून सूत्राने हिशेब केला तर सुरुवातीच्या वेगावरून उत्तर सुमारे 263 येते. कुठलाही फ्लॅग न देता एक अष्टमांश युरिया गायब होतो. किटच्या इन्सर्टमध्ये लिनिअॅरिटीची मर्यादा दिलेली असते ती यासाठी. त्यापलीकडचे सॅम्पल डायल्यूट केल्याशिवाय रिपोर्ट करू नये. शिवाय चढत्या टोकाला वेग रिएजंटमधल्या युरिएजवरही अवलंबून असतो, आणि बाटली उघडल्यावर ते हळूहळू निकामी होते. म्हणून जुन्या फॅक्टरवर युरिया काढण्यापेक्षा प्रत्येक बॅचला त्याच रिएजंटमध्ये स्टँडर्ड लावावे. स्टँडर्ड आणि सॅम्पल दोघांनाही तेच मंदावलेले एन्झाइम मिळते आणि गुणोत्तर बरोबर राहते.

वाचकांना आमचे दोन आग्रह आहेत. आपल्या प्रत्येक कायनेटिक टेस्टपुढे वर्कशीटमध्ये लिहून ठेवा, मोजायचे आहे ते एन्झाइम की सब्स्ट्रेट. आणि एसजीपीटी, एसजीओटीच्या रकान्याशेजारी सुरुवातीच्या शोषणांकाचा एक रकाना वाढवा. तो कमी दिसला की रिपोर्टवर सही होण्याआधी सॅम्पल डायल्यूट झालेच पाहिजे.