लवंग तेलाची बाटली आणि पोराचा दात

मंडळी, आज थोडं कडू लिहितोय. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरला. "लहान मुलांची दाढ दुखते? लवंग तेलाचा बोळा ठेवा, एका मिनिटात आराम, डॉक्टरची गरज नाही." खाली अंगठे आणि हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस. एका ग्रुपवर शिक्षक आहेत, दुसऱ्यावर आशाताई आहेत. कुणीही विचारलं नाही की किती वर्षांच्या मुलाला, किती थेंब, आणि तो बोळा पोरानं गिळला तर काय?

यावर काही बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं: "आमची आजी लवंगच लावायची." अहो, आजी दाढेखाली एक लवंग धरायची, आणि तीही स्वतःच्या. दुकानातली १० मिलीची बाटली म्हणजे साधारण ५० ते ७० ग्रॅम लवंगांचा अर्क. सुक्या लवंगेत तेल जेमतेम १५ ते २० टक्के असतं, तर बाटलीत निव्वळ तेलच. त्या तेलाचा बहुतेक भाग म्हणजे युजेनॉल. दात बधिर होतो तो यानंच, आणि विषबाधा होते तीही यानंच.

आता हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं युजेनॉलची रोजची मर्यादा दर किलो वजनाला २.५ मिलिग्रॅम ठरवली आहे. चार वर्षांचं, १४ किलोचं पोर धरा. त्याची दिवसाची मर्यादा झाली ३५ मिलिग्रॅम. बाटलीतल्या एका थेंबात जवळपास तेवढं युजेनॉल असतं. या मर्यादेत सुरक्षिततेसाठी बरीच जागा ठेवलेली असते, त्यामुळे एका थेंबानं यकृत जात नाही. उगाच घाबरवायचं नाही. पण एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल पोटात गेलं, तर चार हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं. शंभरपटीहून जास्त.

हे कागदावरचं गणित नाही. १९९३ साली ब्रिटनमधल्या एका बालरोग नियतकालिकात डॉक्टरांनी एका दोन वर्षांच्या मुलाची केस नोंदवली. त्यानं ५ ते १० मिली लवंग तेल पिलं होतं. काही तासांत बेशुद्ध, मग झटके. रक्त गोठण्याची क्रिया बिघडली, यकृताला इजा झाली. अतिदक्षता विभागात उपचार झाले म्हणून पोर वाचलं. नंतरही अशा केसेस नोंदल्या गेल्या. पंधरा महिन्यांच्या एका मुलाचं यकृत वाचवायला डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं औषध वापरलं, कारण युजेनॉलही यकृताला जवळपास त्याच वाटेनं मारतं.

"पण आम्ही पाजत नाही, नुसतं लावतो!" बरोबर. मग लावल्यावर काय होतं तेही बघा. पोराच्या तोंडात लाळ सुटते, तेल हिरडीवर, गालाच्या आतल्या बाजूला पसरतं. निव्वळ तेलानं तिथली कातडी भाजते, पांढरा चट्टा पडतो, मग सोलते. पोर आणखी रडतं. आईला वाटतं दाढच ठणकतेय, म्हणून ती दुसरा बोळा ठेवते. आणि या गडबडीत झाकण न लावलेली बाटली उशाशी राहते. त्यातूनच पुढचा धोका उभा राहतो.

माझ्या टेबलावर आत्ता आपल्याच बाजारातून आणलेल्या तीन बाटल्या आहेत. तिन्हींचं झाकण माझ्या पाच वर्षांच्या भाच्यानं चुटकीसरशी उघडलं (बाटल्या रिकाम्या करून दिल्या होत्या). मुलांपासून दूर ठेवा, हे मराठीत एकीवरही लिहिलेलं नाही.

काही जण म्हणतील, डेंटिस्टसुद्धा युजेनॉल वापरतात. वापरतात. पण झिंक ऑक्साइडच्या पावडरीत कालवून, मोजून, साफ केलेल्या पोकळीत. उघड्या नसेवर ते थेट टाकत नाहीत, कारण नसेच्या पेशी त्यानं मरतात. यातच 'एका मिनिटात आराम'चं रहस्य आहे. दात बधिर होतो, कीड तिथेच राहते. पुढे नस मेली की ठणका आपोआप थांबतो. श्रेय मिळतं तेलाला. दोन-तीन आठवड्यांनी गाल सुजतो तेव्हा तेलाचं नाव कुणी काढत नाही. "दुधाची दाढ आहे, पडणारच" असंही म्हणू नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात.

मग रात्री अकरा वाजता पोर रडत असेल तर करायचं काय?

आधी टॉर्च लावून बघा. दाढेत काही अडकलं असेल तर फ्लॉसच्या धाग्यानं हळूच काढा. सुई, काडी घालू नका. चूळ थुंकता येत असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरू द्या. गालावर बाहेरून गार ओला कपडा दहा-पंधरा मिनिटं धरा, शेक नको. झोपवताना डोकं थोडं उंच ठेवा.

दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल, तेही वजनावर. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १४ किलोच्या पोराला सुमारे २०० मिलिग्रॅम. इथं नीट बघा: ५ मिलीत २५० मिलिग्रॅम लिहिलेलं सिरप असेल तर ४ मिली, ५ मिलीत १२५ असेल तर ८ मिली. बाटलीवरचा आकडा न वाचता दिलं तर डोस दुप्पट होतो. दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही, हिरडीवर तर ठेवायचीच नाही. सकाळी दंतवैद्य.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना.

आणि तेल पिलंच असेल तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जातं. दूध, तूप, पॅरासिटामॉल काहीही पाजू नका. बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा. पोर खेळतंय म्हणून घरी थांबू नका. यकृताची इजा बाहेरून लगेच दिसत नाही, ती रक्ततपासणीत कळते.

शेवटचं, आरोग्य खात्यासाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी होते, त्यात दातही बघायचे असतात. किडलेली दाढ कार्डावर लिहून झाली की पुढे काय होतं? किती मुलं दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत पोचतात? तालुक्याचा हा आकडा मी लेखी मागितलाय. आला की इथेच टाकतो, नाही आला तर तेही टाकतो.

तोवर तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला, तर त्याखाली हे चिकटवा. आणि घरातली ती बाटली आजच वरच्या फळीवर, कुलपात ठेवा.