एका ओळीतले तीन रोध

गोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या स्नेह्याने नववीच्या घटक चाचणीचा एक पेपर मला दाखवला. गोंदियाला जाताना मी त्यांच्याकडे चहाला थांबलो होतो. पेपर दाखवताना त्यांच्या आवाजात तक्रार होती. चार गुणांचा प्रश्न, आणि वर्गातल्या बहुतेकांनी एकच चुकीचे उत्तर लिहिलेले. पोरांनी एकमेकांचे पाहिले असावे, अशी त्यांना शंका होती. मला तसे वाटले नाही. इतक्या जणांची चूक अगदी सारखी निघते, तेव्हा तिचे मूळ बहुधा आपल्या फळ्यावर असते.

प्रश्नातल्या आकृतीत 6 Ω, 3 Ω आणि 2 Ω असे तीन रोध एका सरळ रेषेत काढले होते. डावीकडून उजवीकडे त्यांच्या टोकांना A, B, C, D अशी नावे होती, म्हणजे A आणि B यांच्यामध्ये 6 Ω, B आणि C यांच्यामध्ये 3 Ω, C आणि D यांच्यामध्ये 2 Ω. शिवाय दोन साध्या तारा होत्या: एक वरून वळसा घेऊन A ला C शी जोडणारी, दुसरी खालून B ला D शी जोडणारी. A आणि D यांच्यामध्ये परिणामी रोध किती, असा प्रश्न.

मुलांनी R = R1 + R2 + R3 हे सूत्र लिहिले, किमती घातल्या आणि 11 Ω हे उत्तर एककासह चौकटीत मांडले. मांडणी नीटनेटकी होती, दोष काढायला जागा नव्हती. खरे उत्तर मात्र 1 Ω आहे.

मुले इतकी ठाम का होती? त्यांना मिळालेली व्याख्या आठवून पाहा. 'रोध एकापाठोपाठ एक, टोकाला टोक जोडले की एकसर जोडणी.' या आकृतीला ती व्याख्या लावली तर तिन्ही रोध खरोखरच टोकाला टोक जोडलेले आहेत. पोरांनी व्याख्या मोडली नाही, उलट ती काटेकोर पाळली. अपुरी होती ती व्याख्याच. दोन रोध एकसर असायचे तर ते जिथे जुळतात त्या सांध्यावर तिसरे काहीही जोडलेले असता कामा नये. तसे असेल तरच पहिल्यातून आलेली सगळी धारा दुसऱ्यात जाते. या आकृतीत B पाशी 6 Ω चे टोक आहे, 3 Ω चे टोक आहे आणि D कडे जाणारी तारही आहे. तिथे धारेला दुसरी वाट मिळाली आणि एकसरपणा तिथेच संपला. C पाशीही तेच.

11 Ω हे उत्तर खरे धरून पुढे गेलो तर काय होते, हे फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. A आणि D यांना 6 V ची बॅटरी जोडा. 11 Ω मधून सुमारे 0.55 A धारा वाहील. मग 6 Ω आणि 3 Ω मिळून A पासून C पर्यंत सुमारे 4.9 V विभवांतर यायला हवे. पण A आणि C तर सरळ तारेने जोडलेले आहेत! आपण तारेचा रोध शून्य मानतो, म्हणून तिच्या दोन टोकांमध्ये विभवांतर असूच शकत नाही. उत्तर स्वतःच्याच आकृतीशी भांडते. मुलांना हे भांडण दिसले की 'सर, इथे कुठलं सूत्र?' हा प्रश्न मागे पडतो.

आता तारेने जोडलेल्या बिंदूंना एकच रंग द्या. A आणि C लाल, B आणि D निळे. 6 Ω चे एक टोक लाल, एक निळे. 3 Ω चेही तसेच, 2 Ω चेही तसेच. तिन्ही रोध त्याच दोन रंगांच्या मध्ये आहेत, म्हणजे तिघांचे विभवांतर एकच आहे आणि जोडणी समांतर आहे. 1/6 + 1/3 + 1/2 = 1, म्हणून परिणामी रोध 1 Ω. धारा अनुक्रमे 1 A, 2 A आणि 3 A. मजा मधल्या रोधात आहे. त्याचे लाल टोक उजवीकडे असल्याने त्यातून धारा उजवीकडून डावीकडे, शेजाऱ्यांच्या उलट दिशेने वाहते. रेषेवरून बोट फिरवत जाणाऱ्या मुलाला हे कधीच सुचणार नाही. गोरेगावच्या पोरांना मात्र ते बांध्यांवरून चटकन कळते. दोन बांध्यांमधली धुरी रुंद फोडली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच होते, मग त्या शेजारी असोत की लांब. यापुढे ही उपमा ताणू नये.

आकृती म्हणजे वस्तूंच्या जागांचा नकाशा, असे मुले समजतात. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी 1992 मध्ये विद्यार्थ्यांच्या विद्युत परिपथातील अडचणींवर लिहिले, त्यात हीच अडचण नोंदवली आहे: आकृती फक्त जोडण्या सांगते, अंतर किंवा मांडणी सांगत नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाही उमगत नव्हते.

प्रयोग करायचा असेल तर एक सावधगिरी बाळगा. पेपरातल्या किमती टेबलावर आणू नका. 6 V ला 2 Ω चा रोध 18 वॉट खातो आणि आपल्या प्रयोगशाळेतला पाव वॉटचा कार्बन रोध बघता बघता जळतो. शिवाय मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध थोडाफार असतो, त्यामुळे 1 Ω चे माप भरवशाचे येत नाही. त्याऐवजी तपकिरी, काळा, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचे, म्हणजे 1 kΩ चे तीन रोध घ्या. बॅटरी जोडूच नका. मल्टिमीटर रोध मोजताना परिपथात दुसरा विद्युतस्रोत असला तर आकडा खोटा येतो.

तीन रोध पुठ्ठ्यावर एका रेषेत जोडा आणि A–D मोजा. सुमारे 3000 Ω येतील. इथपर्यंत मुलांचे सूत्र बरोबर आहे, हे त्यांना सांगाही. मग B–D तार लावा, आकडा 1000 च्या आसपास उतरेल. मधल्या आणि शेवटच्या रोधाची दोन्ही टोके आता एकाच विभवावर आली, ते असून नसल्यासारखे झाले. इथे थांबा आणि विचारा, आता A–C तार लावली तर? बहुतेक जण म्हणतील, 'अजून एक रोध निघून जाईल.' तार लावा. आकडा 333 च्या जवळ येईल. सोनेरी पट्टीच्या पाच टक्क्यांमुळे 317 ते 350 मधला कोणताही आकडा चालेल. निकामी झालेले दोन्ही रोध दुसऱ्या तारेने पुन्हा कामाला लागले! रोध तेच, रेषाही तीच, फक्त दोन तारा वाढल्या. वर्ग गप्प होतो तो या क्षणी.

गुणांबद्दल स्नेह्यांचा आणि माझा मतभेद झाला. सूत्र, किमती आणि एकक यांना ते प्रत्येकी एक गुण देत होते, म्हणजे 11 Ω लिहिणाऱ्याला चारपैकी तीन. मला हे पटत नाही. या प्रश्नात सूत्र निवडणे हेच काम आहे, बाकी तिसरीची बेरीज आहे. उलट, आकृतीत सारखे बिंदू रंगवून शेवटी अपूर्णांकांच्या बेरजेत चुकलेल्या मुलाला मी तीन देईन.

वाचक शिक्षकांना एक विनंती. पुढच्या घटक चाचणीत हाच प्रश्न मधला 3 Ω चा रोध काढून, ती जागा मोकळी ठेवून द्या. उत्तर 1.5 Ω आहे. किती मुले 8 Ω लिहितात ते पाहा आणि त्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स नावे झाकून आमच्याकडे पाठवा.