जो हिस्सा सोडतो, गुडविल त्याचेच

भागीदारी पेढीत नवा भागीदार आला की त्याने आणलेली गुडविलची रक्कम जुन्या भागीदारांत त्यांच्या जुन्या नफा-प्रमाणात वाटून टाकायची, अशी आपल्याकडच्या हिशेबनिसांना सवय लागली आहे. ही सवय म्हणजे एकाचा पैसा उचलून दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे आहे. ते अज्ञानातून होते की थोरल्या भागीदाराची मर्जी राखायला, याच्याशी मला कर्तव्य नाही. ज्याचे नुकसान व्हायचे ते दोन्ही प्रकारांत सारखेच होते. बहुतेक वेळा हे नुकसान त्याच भागीदाराचे होते, ज्याला खतावणी वाचता येत नाही.

सनदी लेखापाल म्हणून माझ्यासमोर आलेले एक प्रकरण सांगतो. तालुक्याच्या गावी पंप आणि पाइप विकणारी एक पेढी आहे. वडिलांनंतर तीन भाऊ भागीदार झाले. त्यांतला धाकटा वारला आणि त्याच्या जागी त्याची पत्नी आली. नफ्याचे प्रमाण थोरले ५, मधले ३ आणि वहिनी २ असे होते. अनेक वर्षे दुकान सांभाळणाऱ्या मॅनेजरला एक-पंचमांश हिस्सा देऊन भागीदार करून घ्यायचे ठरले. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. त्यामुळे तिघांच्याही सह्या झाल्या. पण थोरल्यांनी अट घातली होती की त्यांचा निम्मा हिस्सा तसाच राहील. म्हणून नवे प्रमाण ५ : २ : १ : २ असे लिहिले गेले. दहापैकी थोरल्यांचे पाच भाग पाचच राहिले. मधल्यांनी एक भाग सोडला, वहिनींनी एक भाग सोडला आणि हे दोन भाग मॅनेजरला मिळाले.

आता गुडविलकडे येऊ. कलम १४ प्रमाणे गुडविल ही पेढीची मालमत्ता आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून त्या मालमत्तेतून येणारा नफा मिळू लागतो, म्हणून त्याने त्याचा मोबदला द्यायचा असतो. तो मोबदला किती, हे काढण्याची रीत सरळ आहे, पण तीही बऱ्याच ठिकाणी डोळे मिटून वापरली जाते. या पेढीचा मागच्या तीन वर्षांचा नफा १७, १९ आणि २४ लाख रुपये होता. शेवटच्या वर्षात जुनी गोदामाची जागा विकून आलेले ३ लाख होते. ते धंद्याचे उत्पन्न नव्हते, म्हणून ते वजा करायला हवेत. उरतात १७, १९ आणि २१ लाख. सरासरी १९ लाख.

थोरले दिवसभर दुकानात बसत, पण करारनाम्यात त्यांना पगार नव्हता. तेवढ्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला असता तर वर्षाला ५ लाख लागले असते, म्हणून तेही वजा केले. राहिले १४ लाख. जुने कागदी गुडविल वगळून धंद्यात गुंतलेले भांडवल ८० लाख होते आणि त्यावर दहा टक्के परतावा अपेक्षित धरला तर ८ लाख होतात. म्हणजे साध्या परताव्यापेक्षा ६ लाख जास्त. तीन वर्षांची खरेदी धरून गुडविल १८ लाख आणि नव्या भागीदाराचा एक-पंचमांश म्हणजे ३ लाख ६० हजार.

पगाराची ही वजावट किती महत्त्वाची आहे ते पाहा. ती केली नसती तर गुडविल ३३ लाखांवर गेले असते आणि मॅनेजरकडून ६ लाख ६० हजार उकळले गेले असते. एका माणसाच्या रोजच्या श्रमाला पेढीची ख्याती म्हणून विकणे ही फसवणूकच आहे. उद्या तो माणूस घरी बसला तर ती ख्याती त्याच्याबरोबरच घरी जाते.

मॅनेजरने ३ लाख ६० हजार रुपये आणि वेगळे २० लाखांचे भांडवल बँकेत भरले. इथपर्यंत हिशेब चोख होता. त्यानंतर पेढीच्या हिशेबनिसाने टॅलीत नोंद केली: थोरल्यांना १ लाख ८० हजार, मधल्यांना १ लाख ८ हजार, वहिनींना ७२ हजार. ५ : ३ : २. जुने प्रमाण.

थोरल्यांनी काय सोडले होते? काहीही नाही. पुढच्या प्रत्येक वर्षाच्या नफ्यातला त्यांचा निम्मा वाटा जसाच्या तसा होता. ज्याने काही विकले नाही त्याला किंमत कसली? विकणारे दोघे होते, दोघांनी सारखाच भाग विकला, म्हणून दोघांना प्रत्येकी १ लाख ८० हजार मिळायला हवे होते. मधल्यांचे ७२ हजार बुडाले आणि वहिनींचे १ लाख ८ हजार. दोन्ही मिळून बरोबर १ लाख ८० हजार होतात आणि ते पूर्णच्या पूर्ण थोरल्यांच्या खात्यावर जाऊन बसले.

मी हे दाखवले तेव्हा मला उत्तर मिळाले, “धंदा थोरल्यांनी वाढवला, मग गुडविल त्यांना नको का?” हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटते, पण ते साफ चुकीचे आहे. श्रमाचा मोबदला पगारात असतो. तो द्यायचा असेल तर करारनाम्यात लिहून सर्वांसमोर द्या. वाढलेल्या धंद्याचे फळ थोरल्यांना मिळत होतेच, कारण १८ लाखांच्या गुडविलमधला त्यांचा ९ लाखांचा हिस्सा त्यांच्याकडेच राहिला होता. वहिनींचा हिस्सा मात्र ३ लाख ६० हजारांवरून १ लाख ८० हजारांवर आला होता. ज्याचे कमी झाले त्याला भरपाई, एवढाच या नोंदीचा अर्थ आहे.

ज्याला हे पटत नाही त्याने दुसऱ्या वाटेने ताळा करून पाहावा. संपूर्ण १८ लाखांचे गुडविल पुस्तकात चढवा आणि जुन्या प्रमाणात जमा करा: ९ लाख, ५ लाख ४० हजार, ३ लाख ६० हजार. मग तेच गुडविल चौघांच्या नव्या प्रमाणात नावे टाकून काढून टाका: ९ लाख, ३ लाख ६० हजार, १ लाख ८० हजार आणि नव्याच्या नावे ३ लाख ६० हजार. थोरल्यांचे जमा ९, नावे ९, बाकी शून्य. मधल्यांना १ लाख ८० हजार, वहिनींना १ लाख ८० हजार. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते.

ही चूक इतकी रुजली कशी? मी याचा दोष आपल्या शिकवण्याला देतो. बारावीच्या वर्गात पहिले गणित असते ते असे: दोन भागीदार ३ : २ प्रमाणात, तिसऱ्याला एक-पंचमांश हिस्सा दिला. तो हिस्सा कोणी किती सोडला हे गणितात दिलेले नसते, तेव्हा दोघांनी जुन्या प्रमाणातच सोडला असे धरतात आणि त्यागाचे प्रमाण आपोआप ३ : २ येते. विद्यार्थी अशी गणिते सोडवतो आणि डोक्यात पक्के करतो की गुडविल जुन्या प्रमाणात वाटायचे. जिथे त्यागाचे प्रमाण खरोखर वेगळे निघते ती गणिते दोन-चार सोडवून धडा संपवतात. मग हाच विद्यार्थी पेढीच्या हिशेबाला बसतो. करारनाम्यात चारही भागीदारांचे नवे प्रमाण स्पष्ट लिहिलेले असते, पण जुन्यातून नवे वजा करण्याची तसदी तो घेत नाही. एका वजाबाकीच्या आळसापायी एका विधवेचे लाखभर रुपये जातात, हे मला असह्य आहे.

जुन्या प्रमाणाची जागा वेगळी आहे, आणि याच पेढीत ती होती. मागे कधीतरी बँकेला ताळेबंद भरलेला दिसावा म्हणून तिथे ६ लाखांचे गुडविल मालमत्तेच्या बाजूला चढवले होते. ते कोणी विकत घेतलेले नव्हते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे लेखामानक २६ स्पष्ट सांगते की स्वतः निर्माण केलेले गुडविल मालमत्ता म्हणून दाखवायचे नाही. नवा भागीदार येण्याआधी हे ६ लाख तिघांच्या भांडवल खात्यावर ३ लाख, १ लाख ८० हजार आणि १ लाख २० हजार असे जुन्या प्रमाणात नावे टाकून पुसायचे होते आणि ते तसे पुसलेही गेले. ते जुन्यांनी आपल्याच प्रमाणात फुगवले होते, म्हणून त्याच प्रमाणात काढायचे. नव्याने आणलेला पैसा ही त्यागाची किंमत, म्हणून त्यागाच्या प्रमाणात वाटायची. या दोन नोंदी रोजकीर्दीत एकाखाली एक येतात. हिशेबनीस पहिलीचे प्रमाण दुसरीला लावतो आणि गडबड तिथेच होते.

असे कागदी गुडविल चढवून भांडवल फुगवणाऱ्यांना आयकर कायद्याचाही धाक नाही. २०२१ च्या वित्त कायद्याने ठरवले की पेढीची पुनर्रचना होताना भागीदाराला मिळालेल्या रकमेवरचा भांडवली नफा काढायचा, तेव्हा त्याच्या भांडवल खात्यातली स्वनिर्मित गुडविलमुळे झालेली वाढ धरायची नाही. म्हणजे कागदावर वाढवलेली शिल्लक करासाठी उपयोगाची नाही.

आणखी एक प्रकार याहून घातक आहे. “गुडविलचे आपसात बघून घेऊ, पुस्तकात नको,” असे सांगून पैसे हातोहात दिले जातात. दोन भागीदार आपसात उघडपणे, बँकेतून, पावती करून व्यवहार करत असतील तर पेढीच्या पुस्तकात नोंद करायची गरज नसते, हे खरे. पण व्यवहारात हे पैसे थोरल्याच्या हातात पडतात आणि बाकीच्यांना आकडाही कळत नाही. नव्या भागीदाराला रोख आणणे जमत नसेल तर त्याच्या चालू खात्यावर ३ लाख ६० हजार नावे टाका आणि ज्यांनी हिस्सा सोडला त्यांना जमा द्या. त्याची देणी पुस्तकात दिसत राहतील आणि नफ्यातून फिटतील.

या पेढीतली चूक दुरुस्त करायला एकच नोंद पुरेशी होती: थोरल्यांच्या खात्यावर १,८०,००० नावे, मधल्यांना ७२,००० जमा, वहिनींना १,०८,००० जमा. तुमच्या पेढीत नवा भागीदार येत असेल तर सही करण्याआधी करारनाम्याला एक तक्ता जोडायला सांगा. त्यात प्रत्येक जुन्या भागीदाराचा जुना हिस्सा, नवा हिस्सा आणि त्यांतली वजाबाकी लिहिलेली असावी, आणि गुडविल त्या वजाबाकीच्या प्रमाणातच जमा होईल असे कलम खाली असावे. तो तक्ता द्यायला हिशेबनीस नकार देत असेल तर सही करू नका. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर तुमच्या संमतीशिवाय नवा भागीदार येऊ शकत नाही, कायद्याने हा अधिकार तुम्हाला दिला आहे.