विश्लेषण : एटीव्हीएमवरून तिकीट काढूनही दंड का बसतो?

मुंबईच्या लोकलमध्ये पकडले जाणारे सगळेच फुकटे नसतात. काहींच्या खिशात तिकीट असतं, पैसेही भरलेले असतात. फक्त ते तिकीट त्या प्रवासाचं नसतं. खिडकीवर 'माथेरानला जायचंय' म्हटलं की पलीकडचा माणूस नेरळचं तिकीट देतो. एटीव्हीएम, म्हणजे स्थानकावरचं तिकीटाचं मशीन, असं काही विचारत नाही. आपण दाबलं ते छापतं.

माथेरानचंच उदाहरण घेऊ. दादरहून नेरळला जायचंय. मशीनवर स्थानक शोधताना इंग्रजीत Neral आणि Nerul अशी दोन नावं दिसतात. फरक एका अक्षराचा. नेरळ मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर बदलापूरच्याही पुढे आहे, तर नेरूळ नवी मुंबईत, हार्बर मार्गावर. घाईत नेरूळ दाबलं, तिकीट घेतलं आणि कर्जत लोकल पकडली, तर कुर्ल्यापर्यंत सगळं ठीक आहे, कारण नेरूळची वाटही तिथपर्यंत तीच. कुर्ल्यानंतर मात्र तुम्ही तिकीटाबाहेर प्रवास करताय.

नेरळला टीसीने पकडलं तर भाड्यातला फरक भरावा लागतो आणि त्यावर दंड. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३८ नुसार हा दंड देय रकमेइतका किंवा २५० रुपये, यातला जो जास्त असेल तो. लोकलच्या दुसऱ्या वर्गात फरक काही रुपयांचाच असतो, त्यामुळे व्यवहारात २५० रुपयेच लागतात. 'चुकून दाबलं' हे खरं असलं तरी टीसीच्या हातात पुरावा म्हणून तो कागदच असतो.

ही चूक पैसे भरण्याआधी लक्षात येऊ शकते. शेवटच्या स्क्रीनवर कुठून, कुठे, किती प्रवासी, कोणता वर्ग आणि भाडं हे सगळं एकत्र दिसतं. नेरळ नेरूळपेक्षा दादरपासून बरंच लांब आहे, त्यामुळे भाडं नेहमीपेक्षा कमी दिसलं तर तिथेच थांबून नाव पुन्हा वाचा. पैसे भरल्यावर मशीनवर तिकीट बदलता येत नाही.

दुसरी गडबड मार्गाची. ठाण्याहून वाशीला दोन वाटांनी जाता येतं : ऐरोलीवरून ट्रान्स-हार्बरने, किंवा कुर्ल्याला गाडी बदलून. काढताना कोणती वाट निवडली ते तिकीटावर 'वाया'समोर येतं आणि तिकीट त्याच वाटेला लागू असतं. ट्रान्स-हार्बर उशिरा आहे म्हणून ऐनवेळी कुर्ल्यामार्गे गेलात, तर दोन्ही टोकं बरोबर असूनही वाद होऊ शकतो. वर्गाचंही तसंच. फर्स्ट क्लासचं तिकीट एसी लोकलचं तिकीट नव्हे. एसीसाठी तो पर्याय वेगळा निवडावा लागतो.

वेळेचा नियम सर्वात जास्त विसरला जातो. उपनगरी प्रवासाचं एकेरी तिकीट काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू करायचा असतो. लांब पल्ल्याच्या साध्या तिकीटाला जास्त अवधी मिळतो, म्हणून अनेकांना लोकललाही तोच वाटतो. संध्याकाळची रांग टाळायला दुपारीच तिकीट काढून ठेवण्याची युक्ती म्हणूनच फसते. तिकीटावर वेळ छापलेली असते.

आता यूपीआय. स्क्रीनवरचा क्यूआर कोड थोडाच वेळ चालतो. उशीर झाला किंवा नेटवर्क अडकलं की खात्यातून पैसे जातात, कागद मात्र बाहेर येत नाही. अशा वेळी 'पेमेंट सक्सेसफुल'चा स्क्रीनशॉट दाखवून गाडीत चढू नका. तो पैसे गेल्याचा पुरावा आहे, तिकीट नाही. खिडकीवरून दुसरं तिकीट काढा. दुकानदाराकडे पोचल्याची खात्री न झालेलं यूपीआय पेमेंट पाच दिवसांत आपोआप परत करावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि पैसे आले नाहीत तर त्या क्रमांकासह बँकेकडे तक्रार करा.

मशीनजवळ स्वतःच्या स्मार्टकार्डवर तिकीट काढून देणारे मदतनीस असतात, त्यातले बरेचसे रेल्वेचे निवृत्त कर्मचारी. त्यांना कमिशन रेल्वेकडून मिळतं, प्रवाशाने छापील भाड्यापेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नसतो. पण गोंगाटात 'नेरळ' म्हटलेलं त्यांनाही 'नेरूळ' ऐकू येऊ शकतं. म्हणून 'कर्जतच्या अलीकडचं नेरळ' असं सांगा आणि सुट्टे पैसे मोजण्याआधी तिकीटावरचं नाव वाचा.